दोन हजारांची साडी, तीनशेंचा महसूल: ही लपवाछपवी आहे का?

भागधारक_नागपूर (मूळ पोस्ट): ऑनलाइन बाजारपेठेवर ग्राहक दोन हजारांची साडी घेतो, सगळे पैसे कंपनीच्या खात्यात येतात, खोक्यावर तिचेच नाव असते, आणि महसूल मात्र तीनशेच दाखवला जातो. ही उघड लपवाछपवी आहे. विक्री दोन हजारांची, तर महसूलही तेवढाच हवा.

सनदी_ठाणे: महसूल फुगवण्याचा मोह कंपन्यांना नेहमीच होतो, कमी दाखवण्याचा क्वचित. अमेरिकेतील ग्रुपॉन कंपनी कूपनची पूर्ण रक्कम महसूल म्हणून धरत होती. २०११ मध्ये शेअर बाजारात येण्यापूर्वी तिला व्यापाऱ्यांचा वाटा वजा करावा लागला, आणि २०१० चा महसूल ७१.३४ कोटी डॉलरवरून ३१.२९ कोटींवर आला. तोटा मात्र होता तेवढाच राहिला. पैसे कोणाच्या खात्यातून फिरले याला इंड एएस ११५ या महसुलाविषयीच्या भारतीय लेखा मानकात महत्त्व नाही. ग्राहकाच्या हाती जाण्यापूर्वी साडीवर नियंत्रण कोणाचे होते, याला आहे. तुमच्या उदाहरणात जीएसटी बाजूला ठेवला, तर दोन हजारांपैकी १,७०० रुपये विक्रेत्याचे देणे आहे आणि ३०० रुपये कमिशन. कंपनीने पूर्ण रक्कम दाखवली असती, तरी १,७०० खर्चात गेले असते आणि ३०० च उरले असते.

मुनीम७२: एवढे पाल्हाळ कशासाठी? माल स्वतःच्या मालकीचा असेल तर कंपनी प्रिन्सिपल, म्हणजे पूर्ण रक्कम महसूल दाखवणारी मुख्य विक्रेती; नसेल तर एजंट, म्हणजे फक्त कमिशन दाखवणारी मध्यस्थ. विषय संपला.

सनदी_ठाणे: संपला नाही. खोके रवाना होताना कागदोपत्री मालकी क्षणभर कंपनीकडे येऊन लगेच ग्राहकाकडे जात असेल, तर तेवढ्याने ती प्रिन्सिपल होत नाही. उलट, माल पुरवठादाराकडून थेट ग्राहकाकडे जात असला, तरी माल योग्य असण्याची मुख्य जबाबदारी कंपनीची, किंमत तिने ठरवलेली आणि परत आलेला माल तिच्याच गळ्यात, असे असेल तर पूर्ण रक्कम दाखवावी लागण्याची शक्यता बळावते. हे नुसते संकेत आहेत. प्रत्येक करार वाचूनच ठरवावे लागते.

पैठणीघर_येवला: करार वाचायचाच असेल तर माझा वाचा. माझ्या साड्या त्यांच्या भिवंडीच्या गोदामात पडून असतात, बांधतात ते, पाठवतात ते. दिवाळीत परत आलेल्या एका साडीच्या पदरावर तेलाचा डाग होता, तरी ती विकण्याजोगी ठरवून माझ्या नावे जमा केली आणि पैसे कापले. एवढे सगळे त्यांच्या हातात असताना नियंत्रण माझे कसे?

सनदी_ठाणे: ताई, तुमचा राग रास्त आहे, निष्कर्ष नाही. न खपलेल्या साड्यांचे काय होते, आणि किंमत कोण ठरवते?

पैठणीघर_येवला: किंमत मीच ठरवते. न खपलेल्या साड्याही माझ्याच खर्चाने परत येतात.

सनदी_ठाणे: म्हणजे डाग पडला तरी साडी तुमचीच, आणि तेच तुमच्या तक्रारीचे मूळ आहे. गोदामात माल सांभाळणे ही त्यांनी तुम्हाला दिलेली सेवा आहे. निष्काळजीपणाची भरपाई जरूर मागा, पण त्यामुळे साठ्याची जोखीम त्यांच्याकडे जात नाही. या व्यवहारात प्रिन्सिपल तुम्ही आहात. तुमच्या वहीत विक्री दोन हजार आणि कमिशनचा खर्च तीनशे, असेच हवे.

पैठणीघर_येवला: आमचे हिशेबनीस तर बँकेत जमा होते तीच रक्कम विक्री म्हणून लिहितात.

सनदी_ठाणे: मग नोटिशीची तयारी ठेवा. बाजारपेठ जीएसटीआर-८ या आपल्या जीएसटी विवरणपत्रात कमिशन कापण्यापूर्वीचे मूल्य, परत आलेला माल वजा करून, कळवते आणि त्यावरच १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का टीसीएस, हा तुमच्या नावे सरकारकडे भरायचा कर, कापते, म्हणजे या साडीवर दहा रुपये. तुमच्या विवरणपत्रात १,७०० किंवा त्याहून कमी दिसले, तर तफावत लगेच उघडी पडते.

मुनीम७२: दहा रुपयांसाठी लहान व्यापाऱ्याचे भांडवल अडकवायचे, ही कसली पद्धत? त्या रकमेचा दावा मंजूर करून घेताना किती हेलपाटे पडतात, हे ठाण्यात बसून कळणार नाही.

सनदी_ठाणे: हेलपाटे मीही घालतो, साहेब. दहा रुपयांपेक्षा वहीतली तीनशेंची तफावत महाग पडेल, एवढेच म्हणणे आहे.

भागधारक_नागपूर: साडीवाल्या ताईंचे भले झाले, आनंद आहे. आता माझ्याकडे वळाल का? कंपनीने स्वतःच्या खिशातून शंभर रुपयांची सवलत दिली, ग्राहकाने १,९०० भरले, विक्रेत्याला १,७०० च मिळाले. महसूल ३०० की २००?

मुनीम७२: दोनशे. त्यात विचारायचे काय?

सनदी_ठाणे: विचारण्यासारखेच आहे. कंपनीचा ग्राहक विक्रेता असेल, तर खरेदीदाराला दिलेले शंभर रुपये जाहिरातीचा खर्च मानून ३०० दाखवता येतात, असा एक पक्ष आहे. पण ही सवलत देण्याचे विक्रेत्याशी ठरले असेल, किंवा ती आपल्या वतीने दिली जाते अशी त्याची रास्त अपेक्षा असेल, अथवा खरेदीदारही कंपनीचाच ग्राहक ठरत असेल, तर महसूल २०० वर येतो. माझ्या मते बहुतेक ठिकाणी २०० च सुरक्षित. तरी लेखापरीक्षकांत यावर एकमत नाही.

भागधारक_नागपूर: म्हणजे दोन हजारांची मागणी माझी चूक, पण तीनशेंबद्दलचा संशय अगदीच वेडेपणाचा नव्हता. एवढी कृपा झाली, आभारी आहे. आता सवलतीचे धोरण लेख्यांच्या कोणत्या टिपेत सापडते, तेही सांगून टाका.

सनदी_ठाणे: महत्त्वाच्या लेखा धोरणांत महसुलाचा परिच्छेद पाहा, आणि जाहिरात व विक्रीवृद्धीच्या खर्चाचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून वाचा. महसुलातून वजा केलेल्या सवलतीची फोड दिलेली असेल तर तीही पाहा.