मदत हवी आहे: २४० पैकी १५० विहिरी मोजल्या, स्टँडर्ड एरर कोणती धरू?

भूगोलवाली: एम.ए.च्या प्रबंधासाठी एका गावातल्या सगळ्या २४० विहिरींची यादी केली. चिठ्ठ्या टाकून १५० निवडल्या, एकही दोनदा आलेली नाही. मे महिन्यात टेप सोडून पाण्याची खोली मोजली. सरासरी ९.१ मीटर, एसडी २.४. एसडीला १५० च्या वर्गमुळाने भागलं तर ०.१९६ येतं. सर म्हणतात, ही फार जास्त आहे, करेक्शन लाव. सूत्र मिळालं, पण ते का लावायचं हे कळत नाही.

आकडेमोड: काही लावू नका. नमुना किती मोठा एवढंच महत्त्वाचं, एकूण किती याने फरक पडत नाही.

जुना_सर्वेक्षक: ते खरं, पण नमुना एकूणाच्या पाचेक टक्क्यांत असेल तेव्हा. इथे साडेबासष्ट टक्के आहे.

ताई, १५० विहिरी तुम्ही डोळ्यांनी पाहिल्यात. अंदाज उरला तो फक्त ९० विहिरींचा. सगळ्या २४० मोजल्या असत्या तर अंदाजाला जागाच नव्हती, तरी तुमचं नेहमीचं सूत्र ०.१५५ दाखवत राहिलं असतं. तिथेच ते चुकतं हे कळतं.

म्हणून २.४ चा वर्ग ५.७६, भागिले १५०, म्हणजे ०.०३८४. त्याला न मोजलेल्यांच्या वाट्याने, म्हणजे ९० भागिले २४० = ०.३७५ ने गुणा. ०.०१४४ आले. वर्गमूळ ०.१२. सरासरीभोवतीचा ९५ टक्क्यांचा पट्टा ±०.३८ वरून ±०.२४ वर येतो. वर्गमूळ घ्यायच्या आधी गुणायचं, इथे बरेच जण घसरतात.

आर वापरत असाल तर:

```r
library(survey)
d$N <- 240
des <- svydesign(ids = ~1, data = d, fpc = ~N)
svymean(~kholi, des)
```

सोसायटी_सचिव: आम्ही ३०० घरांना फॉर्म दिले, १८० परत आले. आमचीही चूक अशीच कमी होईल ना?

जुना_सर्वेक्षक: नाही हो. तुमची १८० घरं चिठ्ठीने आलेली नाहीत, ज्यांना वाटलं त्यांनी भरलं. उरलेली १२० वेगळ्या मताची असू शकतात, आणि ते या गुणाकाराने दुरुस्त होत नाही. पट्टा मात्र उगाच अरुंद दिसेल.

भूगोलवाली: आता उलगडलं! पण पुढच्या प्रकरणात शेजारच्या गावाशी तुलना आहे. तिथे पाणलोटाची कामं झालीत, त्यांचा परिणाम तपासायचाय. तिथेही ०.१२ च धरू?

जुना_सर्वेक्षक: तिथे नको. "या गावात या मे महिन्यात सरासरी किती" याला ०.१२. "कामांमुळे पाणी वर येतं का" हा प्रश्न या २४० विहिरींपुरता उरत नाही, म्हणून ०.१९६ धरा. आणि दोनच गावं असताना फरक कामांचा की खडकाचा, हे कुठलीही एरर सांगणार नाही.

आकडेमोड: पाच टक्क्यांचं मान्य. पण टेप मोजणीतली चूक? १५० विहिरी "पक्क्या" कशा? ती चूक तर २४० मोजूनही राहील.

जुना_सर्वेक्षक: मुद्दा बरोबर आहे. ताई, काही विहिरी त्याच दिवशी दोनदा मोजल्या होत्या का?

भूगोलवाली: बारा विहिरी. वही गावी आहे, रविवारी आकडे टाकते.