रतिबाचं दूध घरी तपासायचं आहे, ३०० रुपयांत काय घ्यावं?

मृण्मयी_नाशिक
गोठ्यावरून म्हशीचं सुटं दूध येतं, रोज दोन लिटर. पाणी आणि युरिया आहे का ते घरीच बघायचं आहे. बजेट ३०० रुपये. घरी टिंक्चर आयोडिन आहे, बाकी काही नाही. काय घेऊ?

सुहास_क
मी हजाराचं किट घेतलंय, सात-आठ चाचण्या होतात. तेच घ्या. स्वस्तात काही मिळत नाही.

आबा_सांगलीकर
किटबिट कशाला? थेंब नखावर टाका. ओघळून गेला की पाणी आहे. आमच्याकडे सगळे असंच बघतात.

दुग्धविद्या
आबा, थेंब ओघळतो की थांबतो हे मुख्यतः दूध किती दाट आहे त्यावर ठरतं. फॅट काढलेलं चोख दूधही भराभर ओघळतं. पाणी किती घातलंय हे तर त्यावरून कळतच नाही.

मृण्मयीताई, युरियासाठी ३०० रुपयेही लागणार नाहीत. लाल लिटमसच्या पट्ट्या आणि कच्ची तूरडाळ एवढंच हवं. डाळ मिक्सरमधून अगदी बारीक करा. ती भाजलेली नको, कारण युरिया फोडून अमोनिया करणारं तिच्यातलं एन्झाइम उष्णतेने मरतं. मग चाचणी कायमच ‘युरिया नाही’ म्हणते. सोयाबीनचं विकतचं पीठ पुष्कळदा भाजलेलं असतं, त्यामुळे तेही टाळा.

तीन वाट्यांत प्रत्येकी एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिली, कच्चं दूध घ्या. पहिलीत काही घालू नका. दुसरीत अर्धा चमचा पीठ. तिसरीत तेवढंच पीठ आणि खताच्या दुकानातल्या युरियाचे पाच-सहा दाणे. ढवळा, ५ मिनिटं थांबा आणि तिन्हींत नवी पट्टी अर्धा मिनिट बुडवा.

तिसरी निळी झाली नाही तर पीठ किंवा पट्टी वाया गेलेली आहे, तो निकाल धरू नका. पहिलीच निळी झाली तर दुधात सोडा किंवा धुण्याच्या पावडरीसारखं अल्कली आहे, युरियाबद्दल काही सांगता येत नाही. पहिली लाल आणि दुसरी ठळक निळी, तरच संशय घ्या. किंचित जांभळट छटा म्हणजे निळी नव्हे. तिन्ही वाट्या नंतर ओतून द्या आणि धुऊन टाका.

सुहास_क
म्हणजे माझ्या किटमधली पट्टी चुकीची?

दुग्धविद्या
चुकीची नाही, पण ती काय सांगते ते नीट वाचा. युरिया प्रत्येक दुधात मुळातच असतो. चाऱ्यात प्रथिनं जास्त असतील तर तो वाढतो. कायद्याची मर्यादा १०० मिलीमागे ७० मिलिग्रॅम आहे. घरगुती पट्टीवर ६० आणि ८० यातला फरक दिसत नाही. शिवाय ५ मिनिटांऐवजी अर्धा तास ठेवलंत तर चोख दुधाचीही पट्टी निळी पडू शकते.

वैशाली_ठाणे
आमचं दूध तापवताना फाटतं. यात काय घातलं असेल?

आबा_सांगलीकर
उलट बरंच की! सोडा घालणाऱ्याचं दूध सहसा फाटत नाही.

दुग्धविद्या
वैशालीताई, तापवताना फाटणं म्हणजे बहुधा आंबटपणा. दूध उन्हात राहिलं किंवा भांडं नीट धुतलं नाही की होतं. आणि आबा, न फाटणारं दूध सोड्याचंच असतं असं नाही, चांगलं थंड ठेवलेलंही फाटत नाही.

मृण्मयी_नाशिक
पाण्यासाठी लॅक्टोमीटर घेऊ का? २०० च्या आत मिळतोय.

दुग्धविद्या
एकट्या लॅक्टोमीटरवर विसंबू नका. तो दुधाची घनता दाखवतो. पाणी घातलं की आकडा उतरतो, साय काढली की चढतो, कारण फॅट पाण्यापेक्षा हलकी असते. म्हणून आधी साय काढून मग पाणी घातलेल्या दुधाचा आकडा नेहमीसारखाच दिसतो. साखर किंवा मीठ घालूनही तो वर नेता येतो.

उदाहरण घ्या. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग, टक्क्यांत. तो काढायचा तर लॅक्टोमीटरच्या आकड्याचा पाव भाग, अधिक फॅटचा पाव भाग, अधिक ०.४४. आकडा २८ आणि फॅट ६ असेल तर ७ अधिक १.५ अधिक ०.४४, म्हणजे ८.९४. म्हशीच्या दुधासाठी किमान ९ हवं, हे जेमतेम खाली आहे. तोच आकडा २८ आणि फॅट ४ असेल तर ८.४४. फॅट माहीत नसेल तर नुसत्या २८ वरून यातलं कुठलं दूध हे कळणार नाही. संकलन केंद्रावर फॅट मोजून मिळते का विचारा.

मोजताना दूध काचेवर छापलेल्या तापमानाला आणा. नुकतं काढलेलं दूध थोडं कमीच दाखवतं, त्यात हवा अडकलेली असते. निदान तासभर थांबा.

गौरी_पुणे
आयोडिनचं कुणी सांगितलंच नाही. स्टार्चसाठी तेच सगळ्यात भरवशाचं. दुधात थोडं पाणी घालून उकळा, पूर्ण थंड करा, मग दोन-तीन थेंब. निळं झालं तर स्टार्च. गरम दुधात निळा रंग टिकत नाही आणि दूध चोख वाटतं. मात्र पाणी किंवा दूध पावडर यानं कळणार नाही.

सुहास_क
मग विषारी काही असेल तर घरी कळतं का?

दुग्धविद्या
जे महत्त्वाचं ते नाही कळत. २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्याला अपायकारक भेसळ १२ मध्ये निघाली, पण बुरशी आलेल्या पशुखाद्यातून येणारं अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेपेक्षा जास्त ३६८ मध्ये. ते उकळूनही जात नाही आणि पट्टीवर तर दिसतच नाही. प्रतिजैविकांचे अवशेषही प्रयोगशाळेतच कळतात.

मृण्मयी_नाशिक
सगळ्यांचे आभार. तूरडाळीची चाचणी करून बघते. पण लॅक्टोमीटरही घेतेच आहे. आकडा खरा-खोटा हा वाद राहू दे, एकाच गोठ्याचा महिनाभराचा आकडा रोज लिहून ठेवला तर तो एकदम बदललेला तरी दिसेल.

दुग्धविद्या
तसं असेल तर वेळ आणि तापमान रोज एकच ठेवा.