फुल डे म्हणजे किती तास आणि अल्बम कधी?

"लग्नाच्या फोटोंच्या पॅकेजमध्ये फुल डे लिहिलंय, म्हणजे नक्की किती तास? आणि अल्बम कधी हातात येतो?"

आमच्या स्टुडिओत फुल डे म्हणजे १० तास, पहिला कॅमेरा हॉलवर चालू झाला की मोजायला सुरुवात. समजा अक्षता १२:३५ ची आहे, तर आम्ही ८ ला देवकापासून उभे, संध्याकाळी ६ ला संपतं, पण सोलापुरात पंगती लांबल्या की पाठवणी ७ च्या आत होतच नाही, म्हणून अकराव्या तासाचा रेट आधीच लिहून देतो. पाठवणीच्या वेळी पैशाचं बोलणं मला बरं वाटत नाही. दोन फोटोवाले, एक व्हिडिओवाला. आदल्या दिवशीची हळद वेगळी.

कलर केलेले सगळे फोटो १५ दिवसात पेनड्राइव्हवर. अल्बमचे ३० दिवस मात्र तुम्ही फोटो निवडून दिल्यावर सुरू होतात, डिझाइन, एकदा दुरुस्ती, मग प्रिंटिंग. उशीर होतो तो निवडीतच. ४० पानांना साधारण १५० फोटो बसतात आणि मागे एका घरात मामांचा ग्रुप फोटो ठेवायचा की नाही यावर ३ महिने गेले, म्हणून आता मी सुरुवातीलाच सांगतो, ७५ मुलीकडचे ७५ मुलाकडचे, दोन्हीकडून एकेकानंच फोटोंचे नंबर पाठवायचे.