सिम हरवलं आणि रमीच्या खात्यात पैसे अडकले: नंबर-ईमेल बदलल्याचे अनुभव सांगा

अंबाजोगाईहून: ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचे डाव बंद झाले. कंपन्यांनी शिल्लक काढायची सोय ठेवली, पण सगळ्यांनी लगेच काढली नाही. माझ्या चुलतभावाचा फोन सिमसकट लातूरच्या एसटीत गेला. त्याच्या रमीच्या खात्यात साडेसहा हजारांच्या आसपास आहेत. ओटीपी जुन्या नंबरवर जातो, ईमेलचा पासवर्ड बदलायलाही तोच नंबर लागतो. खातं लॉक न होता नंबर बदललेल्यांनी कसं केलं ते लिहा. स्वतःचा नंबर किंवा पॅन इथं टाकू नका.

जालना, मोबाईलचं दुकान: दादा, नंबर बदलायच्या मागं आधी लागूच नका. तोच नंबर परत घ्या. सिम ज्याच्या नावावर आहे त्यानं स्वतः आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं, डुप्लिकेट सिम मिळतं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या पोरांचं सिम वडिलांच्या नावावर असतं, तिथं वडिलांनाच न्यावं लागतं.

खरी गडबड त्यानंतर होते. नवं सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवतात, चोरानं दुसऱ्याच्या नावानं सिम काढलं तर ओटीपी हाती लागू नये म्हणून. पण कॉल लागतो, त्यामुळं माणसाला वाटतं सिम चालू झालं. मग तो ॲप उघडून 'पुन्हा पाठवा' दाबत बसतो, मर्यादा संपते आणि ॲप खातं अडकवतं. म्हणून आधी घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःला साधा मेसेज पाठवा. तो आला की मगच ओटीपी मागा.

परभणी: एवढी यातायात कशाला? मी नव्या नंबरवर नवं खातं काढलं होतं, काही झालं नाही.

नांदेड, आधी पुण्यात एका गेम कंपनीच्या कस्टमर केअरला: परभणीकर भाऊ, तुमच्या जुन्या खात्यावर पॅन जोडलेला नसेल, म्हणून चाललं. पॅन जोडलेला असेल तर दुसरं खातं डुप्लिकेट दिसतं आणि दोन्ही थांबवतात. जुन्यातले पैसे तर तिथंच राहतात.

नंबर कायमचाच गेला असेल तर आमच्याकडं आलेली एक केस सांगते. त्या माणसाच्या घरच्या जुन्या फोनवर ॲप लॉगिनच होतं. त्यानं ते लॉगआउट केलं नाही, तिथूनच नंबर बदलायची विनंती टाकली आणि नोंदवलेल्या ईमेलवरून आम्हाला लिहिलं. सोबत पॅन, पासबुकचं पहिलं पान आणि शेवटी पैसे भरले त्या व्यवहाराचा बँक स्टेटमेंटमधला यूटीआर नंबर दिला. तो यूटीआर आमच्या नोंदीशी जुळला आणि काम पुढं सरकलं. नंतर पैसे त्यानं जुन्याच बँक खात्यावर मागवले.

नवा फोन, नवा नंबर, नवं बँक खातं आणि लगेच पैसे काढायची विनंती, हे एका दिवशी आलं की चोरीसारखंच दिसतं. एकावेळी एकच गोष्ट बदला. नंबर बदलल्यावर काही काळ पैसे काढणं थांबवतात, त्याला लॉक समजून घाबरू नका. लॉगिन होतंय, शिल्लक दिसतेय, तर खातं शाबूत आहे. अशा वेळी तक्रारीवर तक्रार टाकली की तपासणी आणखी लांबते.

हिंगोली: आधारचा नंबर बदलायचा असेल तर ओटीपी लागत नाही. आधार केंद्रात जा, अंगठा घेतात, फी भरायची, झालं. मी नुकताच आईचा बदलला.

जालना, मोबाईलचं दुकान: ताई, विचारलंय रमीच्या खात्याचं. पण तुमचं लिहिणं कामाचं आहे. ॲपनं पुन्हा आधारनं ओळख पटवायला सांगितली तर तो ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो. तोच हरवलेला असला तर आधी तो परत घ्यावा लागेल, नाहीतर आधारमधला नंबर बदलून घ्यावा लागेल.

बीड: माझं खातं बाहेरदेशीच्या बेटिंग साइटवर होतं, व्हॉट्सॲपवरच्या एजंटानं काढून दिलेलं. सिम गेल्यावर नंबर बदलायचं म्हटलं तर तो म्हणाला, अनलॉक करायला आधी पाच हजार भर. मी भरले नाहीत. पैसे अजून तिथंच आहेत.

नांदेड, कस्टमर केअर: भरले नाहीत ते बरं केलं. कुठलीच खरी कंपनी नंबर बदलायला पैसे मागत नाही, ओटीपीही विचारत नाही. त्या साइटवर पॅन नाही, पासबुक नाही, मग खातं तुमचं म्हणून दाखवायचं कशावर? पुढं कुणी पैसे उकळले तर लगेच 1930 वर कळवा. गुगलवर 'कस्टमर केअर' म्हणून सापडलेल्या नंबरला फोन करू नका, ॲपमधल्या मदतीच्या पानावरूनच लिहा.

अंबाजोगाईहून: काकांना घेऊन गेलो, तोच नंबर मिळाला, दुसऱ्या दिवशी मेसेजही आला. ॲप उघडलं, शिल्लक दिसतेय. आता अडचण दुसरीच. ज्या बँक खात्यावर पैसे यायचे, ते त्यानं मधल्या काळात बंद केलंय. नंबर तोच राहिला आणि फक्त बँक खातं बदललं, तरी तपासणी लागते का? कुणी केलंय?