अंदाज खोडू नये म्हणून

«दुसरीच्या वर्गात तरंगणं-बुडणं घेतलं. वस्तू पाण्यात टाकली की मुलं तक्त्यातला अंदाज खोडून 'बरोबर' करतात. काय करू?»

माझ्याकडेही हेच व्हायचं. आता अंदाजाचा रकाना स्केचपेनने भरून घेते, वर किंवा खाली बाण एवढाच. सगळ्यांचा झाला की मगच पाण्याची बादली पुढे आणते.

आधी नाणं, मग मोठं सफरचंद. 'जड ते बुडतं' म्हणणारे तिथेच अडखळतात. शेवटी सालीसकट संत्रं तरंगतं, तेच सोललं की बहुधा बुडतं, कारण सालीत हवा असते. (सोललेलं संत्रं नंतर कुणी खायचं यावर भांडण ठरलेलं!) स्टीलची वाटी मात्र पहिल्या दिवशी नको, सरळ ठेवली तर तरंगते, तिरकी टाकली तर बुडते, आणि निकालाच्या रकान्यात दोन्ही बाण येतात.