कान वाळलाय, तरी ऑपरेशनच करा म्हणतात. मार्चपर्यंत थांबता येईल का?

बालाघाटचा_पोऱ्या
मदत हवी आहे, लवकर सांगा. भावाचा कान वाहायचा. डॉक्टरांनी थेंब अन् गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांत कान कोरडा. तरी ऑपरेशन म्हणतात. दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघते, मुकादमाची उचल घेऊन खर्चही झाली. मार्चमध्ये परत आल्यावर केलं तर चालंल का?

गोदाकाठ
वय? कोणता कान? किती दिवसांपासून वाहतो? सीटी काढलाय का? काहीच लिहिलं नाही राव.

सोनपेठकर
पडद्याला भोक असणार. माझंही होतं. कानामागची झिल्ली घेऊन पडदा बसवला. त्याआधी मी दोन वर्षं काढली, काही झालं नाही. बिनधास्त जाऊ द्या.

बालाघाटचा_पोऱ्या
वय ३४, उजवा कान, लहानपणापासून अधूनमधून वाहतो. सीटी काढलाय, पिशवी भावाकडं. चिठ्ठीवर 'अ‍ॅटिक कोलेस्टिआटोमा' लिहिलंय. शेवटी 'ओमा' म्हणजे कॅन्सर का?

माई_रेणापूर
लसूण घालून तिळाचं तेल कोमट करायचं अन् दोन थेंब सोडायचे. आमच्या सासऱ्यांचा कान त्यानंच थांबला.

डॉ_कानडोळे
माई, त्या कानात तेल अजिबात नको.
कॅन्सर नाही. पण सोनपेठकरांच्या भोकाचं प्रकरणही हे नाही. नाकामागून कानाला हवा देणारी नळी नीट चालली नाही, की पडद्याचा वरचा भाग आत ओढला जातो आणि तिथं खिसा तयार होतो. कातडीची साल रोज सुटते. बाहेरच्या कानातली आपोआप बाहेर सरकते. खिशाचं तोंड अरुंद, म्हणून तिथली अडकते, साठते, कुजते. पाणी थोडं पण वास असा, की शेजारी बसवत नाही. बरोबर?

बालाघाटचा_पोऱ्या
अगदी. उशीचा अभ्रासुद्धा वहिनी वेगळा धुते. डॉक्टरांनी नळीनं ओढलं तेव्हा कांद्याच्या सालीसारखे पांढरे पापुद्रे निघाले. पण आता वास नाही ना.

डॉ_कानडोळे
थेंबांनी जंतू मेले, पण साल साठलेल्या त्या खिशाची पिशवी कानात तिथंच आहे. कान कोरडा असतानाही ती वाढते आणि भोवतालचं हाड खाते. आधी ऐकण्याच्या तीन नाजूक हाडांपैकी मधलं, एरणीचं. नंतर चेहऱ्याच्या नसेवरचं कवच, तोल सांभाळणारी नळी, वर मेंदूखालचं पातळ हाड. गोळीनं पिशवी विरघळत नाही, म्हणून काढावी लागते.

सोनपेठकर
मग भावाला ऐकू कसं येतं? हाड गेलं असतं तर बहिरा झाला नसता का?

डॉ_कानडोळे
कधीकधी पिशवीच तुटक्या हाडांमध्ये पुलासारखी बसते आणि आवाज पोचवते. ती काढल्यावर ऐकू येणं थोडं कमीही होतं. हे आधी सांगितलं नाही, की लोक म्हणतात डॉक्टरनं कान घालवला. ऑपरेशन आधी कान सुरक्षित करायला असतं. ऐकण्याचं जमलं तर त्याच वेळी, नाहीतर नंतर.
एक सांगा. कान दाबला की गरगरतं का?

उस्मानाबादी_चहा
मुळात उचल घेतलीच कशाला? ते मुकादम पावती देतात का कधी? माझ्या मावसभावाला...

गोदाकाठ
तो वेगळा धागा काढा भाऊ.

बालाघाटचा_पोऱ्या
हो, विसरलोच. करंगळी घालून खाजवलं की भिंत धरतो. आम्ही म्हणलं अशक्तपणा असंल.

डॉ_कानडोळे
मग मार्च विसरा. तोलाच्या नळीचं हाड झिजून भोक पडलेलं असू शकतं, आणि तिथून जंतू आतल्या कानात गेले तर तो कान कायमचा जातो. याच आठवड्यात दाखवा, ही गरगर तोंडानं सांगा. तोवर कानात बोट, काडी, पाणी नको. तोंड वाकडं झालं किंवा तापासोबत डोकं जोरात दुखून उलट्या झाल्या, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात.

जालना_रोड
माझं ऑपरेशन झालंय. कानाची मागची भिंत काढून पोकळी मोकळी केली. विहिरीत पोहणं बंद, अन् सहा-आठ महिन्यांनी साफ करून घ्यावी लागते. भिंत ठेवूनच करा म्हणावं.

गोदाकाठ
माझ्या बहिणीची भिंत ठेवली. वर्षानं आत काही उरलंय का बघायला पुन्हा उघडलं, तर बारीक मोती सापडला. ऊसतोडीवर जाणारा माणूस वर्षानं परत येईल का?

डॉ_कानडोळे
म्हणूनच जो वेळेवर परत येईल याचा भरवसा नाही, त्याची भिंत बऱ्याचदा काढतात. पण सीटी बघितल्याशिवाय मी इथून सांगणार नाही. मलमपट्टीचे पहिले काही आठवडे तरी तो जवळपास लागेल. खर्चाचं असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजात जनआरोग्य योजनेत बसतं का, ते आधी विचारा.

माई_रेणापूर
तेल बाहेरून लावलं तरी नाही का चालणार?

बालाघाटचा_पोऱ्या
उद्या पहिल्या एसटीनं निघतो. मुकादमाला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. अन् वहिनी म्हणती, सीटीची पिशवी पत्र्यावर वाळत घातली होती.

गोदाकाठ
सीटी वाळत??