मदत हवी आहे: मॉडेल एकच, ट्रेनिंगमध्ये ०.८१ अन् क्लायंटकडे ०.२७, काहून?

बर्डी_कोडर
भाऊ लोक्स, झाडावरचे संत्रे मोजायचं मॉडेल ट्रेन केलं, शेवटी ०.८१ आलं. क्लायंटने तेच वेट्स अन् तेच टेस्ट फोटो घेऊन त्यांच्या स्क्रिप्टवर चालवलं तर ०.२७. आता ते म्हणून राहिले मॉडेल बेकार आहे, पेमेंट अडकवलं. शुक्रवारी मीटिंग आहे, लवकर सांगा कुठं गडबड आहे.

मेघना_त
०.८१ म्हणजे कोणता कॉलम? स्क्रिप्ट कोणती? क्लास किती? काहीच सांगितलं नाही तर आम्ही काय सांगणार.

बर्डी_कोडर
mAP50 वाला. क्लास एकच, संत्रा. स्क्रिप्ट pycocotools ची, पहिल्या ओळीतला आकडा घेतात ते.

बुटीबोरी_व्हिजन
मग झालं की! पहिली ओळ म्हणजे आयओयू ०.५० पासून ०.९५ पर्यंत दहा कट-ऑफची सरासरी, अन् तुझे संत्रे बारीक. समज २० बाय २० पिक्सलचा बॉक्स ३ पिक्सल उजवीकडे अन् ३ खाली सरकला. दोघांत सामायिक १७ × १७ = २८९, दोन्ही मिळून व्यापलेली जागा ४०० + ४०० − २८९ = ५११, आयओयू आला ०.५७. ०.५० ला पास, ०.६० ला नापास. तेवढीच चूक २०० बाय २०० च्या बॉक्सवर झाली तर ०.९४ येतो. शिवाय conf=0.5 लाव, फालतू बॉक्स उडाले की आकडा वाढतो.

काटोलची_बाग
फोटो मृग बहाराचे का आंबिया बहाराचे? हिरवं फळ पानात माणसालाच दिसत नाही. व्यापारी नुसती नजर टाकून बागेचा भाव करतो, मोजणीचं ॲप आम्हाला कधी मिळंल?

लॅब_काका
conf=0.5 अजिबात लावू नको. एपी काढताना सगळे बॉक्स कॉन्फिडन्सप्रमाणे लावून वरून खाली उतरत प्रिसिजन-रिकॉलची रेघ ओढतात. ०.५ वर कापलं की खाली सापडलेली फळं गेली, रेघ मध्येच तुटली, आकडा वाढणार कसा? बुटीबोरीचा पिक्सलचा हिशोब बरोबर आहे, पण तेवढंच कारण असेल तर त्याच स्क्रिप्टची IoU=0.50 वाली ओळ ०.८१ च्या आसपास यायला पाहिजे. ती किती आहे? अन् एका फोटोत फळं किती?

बर्डी_कोडर
ती ०.५२ आहे. फळं बहुतेक फोटोंत १८० च्या आसपास.

ट्रॅपकॅम_ताडोबा
आम्ही वाघ-चितळांच्या फोटोंवर pycocotools च वापरतो, कधीच असा फरक आला नाही. तुमचे लेबल चुकले असतील, पुन्हा करा.

लॅब_काका
तुमच्या फोटोत जनावरं चार-दोन, म्हणून नाही आला. ती मोजणी कोको डेटासेटसाठी लिहिली, तिथं फोटोमागे सरासरी सात-आठ वस्तू. म्हणून प्रत्येक फोटोतले सगळ्यात जास्त कॉन्फिडन्सचे १०० च बॉक्स ती धरते. १८० फळांत १०० च धरले, अन् समज ते सगळे बरोबर निघाले, तरी रिकॉल ०.५५ वर थांबतो, पुढची रेघ शून्य. ०.५२ तिथूनच आलं असणार. मर्यादा वाढव:

```python
E = COCOeval(gt, dt, 'bbox')
E.params.maxDets = [1, 10, 500]
E.evaluate(); E.accumulate(); E.summarize()
```

आधी एक बघ, प्रेडिक्शनच्या फाइलमध्येच फोटोमागे किती बॉक्स उतरले. अल्ट्रालिटिक्समध्ये max_det मुळात ३०० असतो, लदलेल्या झाडाला तोही कमी पडेल.

बर्डी_कोडर
काका, ०.५० वाली ओळ ०.७९ झाली! पण पहिली ओळ -1.000 दाखवून राहिली.

लॅब_काका
summarize() च्या पहिल्या ओळीत १०० आतच लिहून ठेवलं आहे, ते यादीत सापडलं नाही की -१ छापते. सरासरी स्वतः काढ:

```python
p = E.eval['precision'][:, :, 0, 0, 2]
print(p[p > -1].mean())
```

बर्डी_कोडर
०.३९ आलं.

बुटीबोरी_व्हिजन
म्हणजे ०.७९ चं ०.३९ होणं माझ्याच कारणाने, बारीक बॉक्समुळे. अन् काम मोजणीचं आहे, मग ०.९ चा आयओयू पाहिजे कशाला? ०.५० चाच आकडा दाखव.

मेघना_त
नाही पटत. घोसात फळं एकमेकांना चिकटलेली असतात. बॉक्स ढिले आले की एनएमएस शेजारचं फळही खाऊन टाकतो, मग मोजणीच कमी येते. ०.७५ चा आकडाही ठेवा सोबत. अन् पानाआड अर्धं दडलेलं फळ, त्याला बॉक्स दिसतो तेवढाच मारला का अंदाजाने अख्खा? लेबल करणाऱ्यांत दोन पद्धती असतील तर कडक कट-ऑफवर मॉडेल कितीही चांगलं असलं तरी आकडा चढत नाही.

बर्डी_कोडर
लेबल दोन पोरांनी केले, त्यांना विचारावं लागेल. करारात नुसतं 'एमएपी ०.७५ च्या वर' लिहिलं आहे, आयओयू किती ते लिहिलंच नाही. अन् ट्रेनिंगच्या ०.८१ अन् ह्या ०.७९ मधले ०.०२ कुठं गेले?

लॅब_काका
दोन्हीकडे रेघेखालचं क्षेत्रफळ काढायची पद्धत जराशी वेगळी आहे, थोडा फरक त्याचा असू शकतो, सगळा असेलच असं नाही. एनएमएसची सेटिंग अन् फोटोचा साइज दोन्हीकडे तोच होता का ते आधी सांग.

काटोलची_बाग
आंबिया असंल तर आमच्या बागेत या फोटो काढाले, मी झाडावरचे मोजून देतो.